खपली धरेपर्यंत

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरा तळवडेकर भाचीला मोरीत पाटावर बसवून बेसन आणि खोबरेल तेलाने घासत होती. अक्षताच्या कानांमागे हिरवा रंग बसला होता, मानेवर जांभळा. पोटावर आणि पाठीवर लाल ठिपके उठले होते. सोसायटीतली पोरं दरवर्षी कुठून तरी असला पक्का रंग आणायची आणि दरवर्षी कुणाच्या तरी अंगावर तो उठायचा. आत्या, खाजतंय, असं अक्षता दोनदा म्हणाली. रंग गेला की खाज जाईल, असं म्हणून उत्तराने हात आणखी जोराने चालवला.

आदल्या रात्री पोरीचं अंग कोमट लागलं होतं. जेवलीही नव्हती. दिवसभर उन्हात हुंदडल्यावर दुसरं काय होणार, असं सगळ्यांनीच धरलं. आंघोळ झाल्यावर उत्तराने तिला टॉवेलात गुंडाळलं, ठिपक्यांवर तेल चोळलं आणि भाऊंच्या खाटेवर नेऊन बसवलं. खिडकीतल्या शिलाई मशीनवर फॉल-पिकोच्या साड्यांचा गठ्ठा वाट बघत होता. अक्षताने आजोबांच्या दंडावर डोकं टेकलं आणि दोघं मोबाइलवर कार्टून बघत बसले. मशीन चालवता चालवता उत्तराने त्या दोघांकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात आधी हीच खाट दिसायची, आणि तेव्हा बरं वाटलं होतं हेही आठवायचं.

जोगेश्वरी पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तळवडेकरांचे पाच जण राहत. भाऊ हे उत्तराचे वडील. लालबागच्या गिरणीत होते. गिरणी गेल्यावर गोरेगावच्या स्टुडिओत रंगारी म्हणून लागले. तिथे नव्या प्लायवुडला शंभर वर्षांची भिंत करायचं काम त्यांनी हयातभर केलं. धाकटा भाऊ राजेश कुरियरच्या टेम्पोवर, त्याची बायको मानसी मालाडला मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात. दोघं सकाळी निघायची ती रात्री उगवायची. त्यांची ही एकुलती एक अक्षता, सात वर्षांची, दुसरीत. उत्तरा पन्नाशीला आली होती. आई आजारी पडली तेव्हा ती घरात राहिली, आई गेली तेव्हा राजेश लहान होता, मग राजेशचं लग्न झालं आणि पोर झाली. तिचं लग्न कुणी ठरवून टाळलं नव्हतं. ते राहून गेलं होतं.

दिवाळीनंतर भाऊंच्या मानेतल्या गाठींचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली तेव्हा रुग्णालयात सांगितलं होतं की यांच्या अंगात आता लढायला शिपाई कमी, बाहेरचं काही घरात येऊ देऊ नका. उत्तराने ते अक्षरशः पाळलं. चपला जिन्यात. आल्या-गेल्याने आधी साबणाने हात धुवायचे. सोललेलंच फळ, उकळलेलंच पाणी. मुलुंडचे धोंडूकाका, म्हणजे भाऊंचा सख्खा भाऊ, एकदा दारात शिंकले तर तिने त्यांना आत घेतलं नाही. जिन्यातच चहा दिला आणि परत पाठवलं. काका हसत गेले, पण काकू पुढे महिनाभर फोनवर तुटक बोलत होत्या.

दुपारी जेवणं झाल्यावर उत्तरा अक्षताच्या केसांतला रंग फणीने काढत होती. फणी अडकली. केस बाजूला केले तर टाळूवर एक फोड दिसला, साबुदाण्याएवढा, आत स्वच्छ पाणी. केसांत एवढा खोल रंग गेलेला नव्हता. तिने पोरीचा फ्रॉक वर केला. सकाळी जे नुसते लाल ठिपके होते, त्यातले निम्मे आता टपोरले होते. प्रत्येकाच्या बुडाशी लाली आणि माथ्यावर पाण्याचा थेंब. जणू कुणी ओल्या ब्रशने शिंतोडे उडवावेत. काखेत तर नवेच ठिपके येऊ लागले होते.

तिने हे पाहिलेलं होतं. लालबागच्या चाळीत एका उन्हाळ्यात तिला आणि राजेशला एका पाठोपाठ कांजण्या आल्या होत्या. आई दारात कडुलिंबाची डहाळी लावून बसली होती.

तिने अक्षताला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि मधलं दार ओढून घेतलं. खाटेवरून भाऊंनी विचारलं, "काय झाला गो चेडवाक?" बाहेरच्यांशी आणि नातीशी ते शुद्ध बोलत, घरात बाकीच्यांशी मालवणी.

"काही नाही," उत्तरा दाराआडून म्हणाली. मग खोटं रेटता येईना म्हणून म्हणाली, "कांजण्या आहेत, भाऊ. तुम्ही तिथेच राहा."

डॉक्टर नेरूरकरबाई मुलांच्या डॉक्टर. त्यांनी अक्षताला वेटिंगमध्ये बसू दिलं नाही, मागच्या दाराने आत घेतलं. तोंड उघडायला लावलं. टाळ्यालाही एक फोड होता. निदानाला त्यांना फारसा वेळ लागला नाही. लस दिली होती का, असं त्यांनी विचारलं. सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या लशी झाल्या होत्या, पण कांजण्यांची त्यांत नव्हती. ती बाहेरून घ्यायची असते. घेऊ घेऊ म्हणत राहिली होती.

घरात कोण कोण आहे, हा त्यांचा पुढचा प्रश्न. उत्तराने राजेश, मानसी, स्वतः अशी नावं घेतली, आणि मग भाऊंचं. केमो चालू आहे म्हणाली. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं.

"या दोन दिवसांत ही त्यांच्याजवळ गेली होती?"

"सकाळी त्यांना टेकूनच बसली होती. मला वाटलं रंग उठलाय."

"ठिपके दिसायच्या आधीपासूनच ती लागण देत होती," डॉक्टर म्हणाल्या. "त्यामुळे सकाळचं एक मनाला लावून घेऊ नका. पण यापुढे एका छताखाली नकोत. ज्यांची केमो चालू आहे त्यांच्यासाठी या साध्या कांजण्या राहत नाहीत. फुप्फुसात उतरू शकतात."

"किती दिवस?"

"दिवस मोजू नका, अंग बघा. नवे फोड यायचे थांबले पाहिजेत आणि असलेल्या प्रत्येकावर खपली धरली पाहिजे. एकही ओला नको. मग ती कुणाच्याही मांडीवर बसू दे."

बाकीच्या सूचना उत्तराने नीट ऐकून घेतल्या. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या मापाने. ॲस्पिरिन अजिबात नाही, अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्याही नकोत. नखं मुळापासून कापायची. कॅलॅमाइन लोशन. खाजेला झोपताना एक औषध. रोज कोमट पाण्याची आंघोळ, पाण्यात खायचा सोडा, अंग पुसायचं नाही, टिपायचं. तोंड आलंय म्हणून गार आणि मऊ खायला. आणि श्वास लागला, पोर गुंगीत गेली, चालताना तोल गेला, एखादा फोड लाल होऊन गरम लागला, तर तसंच उचलून आणायचं. खपल्या काढायच्या नाहीत.

भाऊंच्या रुग्णालयात फोन लावला तर तिथूनही तेच सांगितलं, फक्त जरा घाईने. रक्त तपासायला द्या, विषाणूवरच्या गोळ्या आजच सुरू करा. पुढच्या आठवड्यातला केमोचा डोस पुढे ढकलावा लागेल, कारण लागण झालेली असू शकते असा माणूस वॉर्डात नको; तिथे सगळेच त्यांच्यासारखे असतात. डोस किती पुढे, ते बघू म्हणाले.

आता प्रश्न कुणाला बाहेर काढायचं, एवढाच राहिला होता. राजेशचं म्हणणं, अक्षताला गोराईला मानसीच्या माहेरी न्यावं. मानसी म्हणाली, वहिनीला सातवा लागलाय आणि तिला कधी कांजण्या आल्या नव्हत्या, तिथे कशी नेऊ. मानसीला स्वतःला लहानपणी आल्या होत्या, राजेशला आणि उत्तरालाही. घरात या आजाराला घाबरायचं कारण फक्त एका माणसाला होतं. धोंडूकाकांना फोन केला. ते म्हणाले, पाठव त्याला, दोन खोल्या आहेत आणि दोनच म्हातारे. काकूंनी मागून विचारलेलं उत्तराला ऐकू आलं: आता आमच्या शिंका चालतील का म्हणावं.

भाऊंना सांगायचं काम उत्तराचं. ते खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. केस गेल्यापासून घरातही माकडटोपी घालत. कांजण्या तुम्हाला लहानपणी आल्या होत्या का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, त्या वेळी गावात अंगावर काही ना काही येतच असे. त्यांची आई सांगू शकली असती, ती जाऊन चाळीस वर्षं झाली.

"मुलुंडला जायचंय," उत्तरा म्हणाली.

"माका कित्याक धाडतंस? चेडू आजारी, नि मी बरो आसंय तो भायेर?"

"तुम्ही बरे नाही, भाऊ."

"ह्या घरात मरान म्हणत होतंय मी."

"मरायचं कशाला बोलताय. तिच्या खपल्या धरल्या की दुसऱ्या दिवशी मी स्वतः आणते. पाडव्याला गुढी तुम्हीच उभारणार."

भाऊंनी माकडटोपी सारखी केली. मग म्हणाले, स्टुडिओत पण असंच असायचं, सेट उभा राहिला की रंगाऱ्याला बाहेर. राजेशने टेम्पो आणला. जाताना भाऊ मधल्या दारापाशी थांबले. पलीकडून अक्षताने विचारलं, आजोबा, कुठे चाललास? ते म्हणाले, काकांकडे, तुझ्या किड्यांना घाबरून पळतोय. दार उघडलं नाही. टेम्पो गेल्यावर उत्तराने खाटेवरची चादर काढून गरम पाण्यात टाकली आणि खिडक्या उघडल्या.

पुढचे दिवस सगळे सारखेच गेले. ताप चढला आणि दोन-तीन दिवसांत उतरला. पण ताप उतरताना फोड वाढत होते. एक खेप पोटावर-पाठीवर आली, मग चेहऱ्यावर, मग मांड्यांवर. रोज सकाळी उत्तरा पोरीला खिडकीच्या उजेडात उभी करून पाही. एकाच वीतभर पाठीवर सगळ्या अवस्था एकदम दिसत: कुठे नुकताच ठिपका, कुठे पाण्याने टचटचलेला फोड, कुठे पाणी गढूळ होऊन माथा खचलेला, कुठे तपकिरी खपली. पहिले वाळत होते तोवर शेवटचे उगवत होते. खपल्या बघून तिला हायसं वाटायचं, आणि लगेच कुठे तरी नवा थेंब दिसायचा.

शेजारच्या रुक्मिणीबाई दारात कडुलिंबाचा पाला घेऊन आल्या. सत्तरीच्या, मनाने चांगल्या, बोलायला फटकळ. देवी घरात आलीय, तेव्हा फोडणी द्यायची नाही, आंघोळ घालायची नाही, आणि पाला अंगावरून झाडायचा, असं त्यांनी सांगितलं. उत्तराने पाला घेतला आणि अंथरुणाच्या बाजूला पसरला. फोडणीही बंद केली. त्या वासाने तसंही पोरीला मळमळत होतं. पाला अंगावरून मात्र झाडला नाही, आणि आंघोळ चालू ठेवली. कोमट पाण्याची बादली, त्यात सोडा, मग्याने हळूहळू पाणी, मऊ पंचाने टिपणं. त्या दहा मिनिटांत पोर खाजवायची थांबायची. ते रुक्मिणीबाईंना कळलंच.

"पाणी घालतेस? देवी कोपली म्हणजे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांचं काय गं. बापाला घरातून काढायलाही त्यांनीच सांगितलं ना? देवी असताना घरातलं माणूस बाहेर धाडतात होय?"

उत्तराने दार लोटलं. आत येऊन ती मग्याने पाणी घालत राहिली. अक्षता म्हणाली, आत्या, तू रडतेस का? उत्तरा म्हणाली, सोडा डोळ्यात गेला.

मानसीला वेगळीच काळजी. रात्री घरी आली की हात धुऊन आधी पोरीच्या चेहऱ्याकडे बघे. मुलीची जात, खड्डे राहिले तर, असं ती राजेशला हलक्या आवाजात सांगे. तिला रजा मिळत नव्हती. सणाचा सीझन, दुकानात गर्दी. ती उत्तराला ताई म्हणे, आणि ताई आहेत म्हणून मी जाऊ शकते असंही म्हणे. त्यात आभार होते की नुसती सवय होती, हे उत्तराने कधी तपासलं नाही.

खाज हेच खरं काम होतं. ताप दिसतो, खाज दिसत नाही. नखं कापली तरी अक्षता उशीला गाल घासायची, भिंतीला पाठ घासायची. उत्तराने तिच्या हातांत राजेशचे जुने सुती मोजे चढवले. अंगभर कॅलॅमाइनचे गुलाबी ठिपके लावले. दुपारी मुलुंडला व्हिडिओ कॉल व्हायचा. भाऊंनी तिला पहिल्यांदा तशी पाहिली तेव्हा चष्मा वर करून म्हणाले, "अरे वा, प्रायमर मारलाय. आता रंग कोणता देणार?"

"आजोबा, खूप खाजतं. ही वाळलेली काढू?"

"नाही. ऐक. भिंतीचा पापुद्रा सुटायला लागला की आमचा नवा पोरगा नखाने काढायचा. आपसूक सुटला तर खाली भिंत गुळगुळीत. ओढून काढला तर खड्डा. मग त्या खड्ड्यात कितीही पुट्टी भर, लाइट पडला की दिसतो. कळलं?"

"कळलं."

"तुझ्या आत्याला विचार, स्टुडिओत माझी भिंत खोटी म्हणून कुणी ओळखली होती का."

त्यानंतर खाज आली की अक्षता मोजे घातलेले हात मांडीखाली घालून बसायची. डॉक्टरांचं जे तिने ऐकलं नव्हतं, ते आजोबांचं ऐकलं. फक्त कपाळाच्या कडेला एक फोड होता, तो झोपेत उशीवर घासून फुटला. दोन दिवसांत तो लाल झाला, भोवतीची कातडी गरम लागायला लागली आणि पू धरला. उत्तरा तशीच तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. लावायला मलम आणि पोटात घ्यायचं अँटिबायोटिक सुरू झालं. बाकीच्या अंगावर तोवर बहुतेक खपल्या धरल्या होत्या. भाऊंना आणू का, असं उत्तराने विचारलं.

"हा ओला आहे. आणि मांडीवर हे दोन पाण्याचे अजून आहेत. तुमच्या जागी मी थांबले असते," डॉक्टर म्हणाल्या. "तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे."

मधल्या काळात भाऊंच्या रक्ताचा रिपोर्ट आला. कांजण्या त्यांना लहानपणी येऊन गेल्या होत्या. रक्तात त्याची खूण होती. उत्तराने उभ्या उभ्या रुग्णालयात फोन लावला. मग त्यांना घरी आणता येईल ना? पलीकडच्या तरुण डॉक्टरने शांतपणे समजावलं की केमोने तीही ताकद कमी होते, तिच्यावर विसंबू नये, गोळ्या चालू ठेवाव्यात आणि मुलगी पूर्ण वाळेपर्यंत लांबच बरं. नियम बरोबर होता. तिने तो मान्य केला. फोन ठेवल्यावर ती मशीनवर बसली आणि एका साडीचा फॉल उलटा लावला. तिच्या हातून असं कधी होत नसे. तो उसवताना काठाचा एक धागा निघाला.

भाऊंच्या अंगावर एकही ठिपका आला नव्हता. मुलुंडहून धोंडूकाका रोज सांगायचे की अंग स्वच्छ आहे. पण मानेतल्या गाठी पुन्हा वर आल्या होत्या, असं काकूंनी एकदा वेगळा फोन करून सांगितलं. जेवत नाहीत. कुशीवर झोपवत नाही. रात्री उठून बसतात आणि माझी चप्पल जिन्यात आहे का म्हणून विचारतात. काकूंचा आवाज या वेळी तुटक नव्हता. ये बाई एकदा, म्हणाल्या.

उत्तरा एका रविवारी गेली. मानसी घरी होती म्हणून जाता आलं. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेली. भाऊ उशांना टेकून बसले होते, एवढे बारीक दिसत होते की खाट मोठी वाटावी. त्यांनी आधी पोरीचं विचारलं.

"किती उरले?"

"कपाळावरचा एक. मांडीवरचे दोन काल बसले."

"मग पाडव्याक घराक?"

"पाडव्याच्या आदल्या दिवशी टेम्पो घेऊन राजेश येईल. मी बोलले होते ना."

"तू बोललंस ता बरोबरच आसतला," ते म्हणाले. तिने त्यांच्या पायांना तेल लावलं. निघताना त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले की त्या दिवशी पोरीला माझ्या खाटेवर बसवलंस ते मनात धरू नको, मला ती बसलेली बरी वाटली होती. मनातली ही टोचणी तिने त्यांना कधी सांगितली नव्हती. राजेशने सांगितलं असावं, किंवा त्यांना दिसलं असावं.

दोन दिवसांनी कपाळावरच्या जखमेवरही खपली धरली. उत्तराने पोरीला उजेडात उभी केली आणि टाळूपासून तळपायापर्यंत तपासलं, केसांत, कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. कुठेच ओलं नव्हतं. खात्रीसाठी दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी अक्षताच्या गालाला हात लावून सांगितलं, झालं, आता शाळाही आणि आजोबाही. घरी येऊन उत्तराने खाटेवर नवी चादर घातली. राजेशला फोन करून टेम्पोचं सांगायला मोबाइल हातात घेतला, तोच तो वाजला.

धोंडूकाका बोलत होते. भाऊंना ताप चढला होता, श्वास लागला होता, जवळच्या रुग्णालयात दाखल केलं होतं. अतिदक्षता विभागात. मुलांना आत सोडत नाहीत.

दोन दिवस उत्तरा आणि राजेश विभागाबाहेरच्या बाकावर आळीपाळीने बसले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की छातीत पाणी झालंय आणि संसर्ग आहे. उत्तराने कांजण्यांचं विचारलं. नाही, ते म्हणाले, तसलं काहीच नाही, हा मूळ आजारच वाढलाय. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, जो ती तोंडात घोळवत बसली होती. डोस पुढे ढकलला नसता तर? सांगणं कठीण आहे, म्हणाले, कदाचित थोडे दिवस मिळाले असते, कदाचित तेही नाही. त्यांनी तिला फसवलं नाही, याबद्दल तिला राग आला नाही. बरंही वाटलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पहाटे भाऊ गेले.

त्यांना जोगेश्वरीला आणायचं, हे कुणी ठरवावं लागलं नाही. कोकणातल्या माणसाची शेवटची वाट घरातून निघते. राजेश रुग्णवाहिकेत बसून आला. टेम्पो त्याने मुलुंडलाच ठेवला होता. चौघांनी जिना चढून भाऊंना आणलं आणि बाहेरच्या खोलीत खाली चटईवर ठेवलं. खाट भिंतीला लावून उभी केली होती, जागा व्हावी म्हणून. सोसायटीतली माणसं जिन्यात उभी राहिली. चपलांची रास झाली.

मानसी अक्षताला आतल्या खोलीत घेऊन बसली होती. राजेश म्हणाला, सगळ्यांनी पाणी पाजा. एकेक जण पुढे होऊन तुळशीच्या पानाने भाऊंच्या ओठांवर पाणी सोडू लागला. उत्तरा आत गेली आणि पोरीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. तिच्या गालांवर, गळ्यावर तपकिरी खपल्या होत्या. काही गळून खाली फिकट गुलाबी कातडी दिसत होती.

"अगं, तिला कुठे आणतेस?" रुक्मिणीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "अजून कडुलिंबाचं शेवटचं पाणी पडलं नाही तिच्या अंगावर. देवी गेली नाही अजून."

"वाळल्या सगळ्या," उत्तरा म्हणाली. "मी बघितल्यात."

रुक्मिणीबाई आणखी काही बोलणार होत्या. पण त्यांनी उत्तराच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर सावरून बाजूला सरकल्या.

अक्षता चटईपासून हातभर अंतरावर थांबली. मधल्या दाराआड राहायची तिला इतकी सवय झाली होती की दार नसतानाही ती तेवढीच लांब उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे धरलेले. आजोबांच्या डोक्यावर माकडटोपी नव्हती. ती तिने बराच वेळ शोधली. मग तिने वर पाहिलं आणि आत्याला विचारलं, जिन्यातल्यांना ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात.

"आत्या, आता हात लावला तर चालेल?"

उत्तरा तिच्या शेजारी खाली बसली. तिने पोरीचे हात पाठीमागून सोडवून पुढे घेतले.

"आता चालेल," ती म्हणाली.